दाराकडे तोंड करून

आमच्या बोरीच्या घरात गप्प बसणारं माणूस म्हणजे आजारी माणूस. कुणी दोन घटका बोललं नाही, की माय कपाळाला हात लावून बघायची. पहाटे जात्याची घरघर, मग गोठ्यातल्या बादल्यांचा आवाज, मग धाकट्या काकूचं भाकरी थापणं, आणि या सगळ्यावर अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, ओट्यावरून येणारा आवाज. रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाला ते विचारायचे, "कुठं निघायलाव?" उत्तर ऐकून झालं की पुढचा प्रश्न, "कामून?", म्हणजे कशासाठी. जिंतूरच्या बाजाराला निघालेला माणूस आमच्या ओट्यावर चहा पिऊन, पोराच्या खोकल्यावर औषध ऐकून, तंबाखूची चिमूट घेऊनच पुढं जायचा. अण्णांना यात उपकार वाटत नव्हते आणि चौकशीही वाटत नव्हती. माणूस दिसलं की विचारायचं, एवढंच त्यांना माहीत होतं. न विचारणं म्हणजे पाठ करणं, आणि पाठ करणं म्हणजे वैर. गावात दोन भावकींचं वाटणीवरून बिनसलं होतं. ती माणसं समोरासमोर आली की एकमेकांकडे पाठ करून उभी राहायची. त्यापलीकडे शिवीगाळही नव्हती. पाठ केली, यात सगळं आलं.

मला या चौकशीचा तेव्हाही कंटाळा होता. मॅट्रिक होईपर्यंत गावातल्या एकाही बाईनं "पुढं काय शिकणार" असं विचारलं नाही. "कुठं जमायलंय का" हेच. पाण्याला जाताना तीनदा, येताना तीनदा. मी मान खाली घालून चालायचे, तर लोक मायला सांगायचे, पोरगी घुमी झाली. आज या वयातही कुणी प्रेमानं जवळ येऊन चौकशी करायला लागलं की मी काहीतरी निमित्त काढून उठते. सुना हसतात. हसू देत.

मला डॉक्टर व्हायचं होतं. हे मी मायला सांगितलं, मायनं अण्णांना सांगितलं, आणि अण्णांनी ते ओट्यावर सगळ्यांना सांगितलं. त्यानंतर अख्खा उन्हाळा आमच्या घरी याच एका गोष्टीचा काथ्याकूट झाला. भाषेप्रमाणे प्रांत झाले होते, आमचं हैदराबाद सुटलं होतं आणि मुंबई लागली होती. अण्णा उर्दूत शिकलेले. आता मराठीतून कारभार म्हणून ते खूश होते, पण मुंबई त्यांच्या लेखी परमुलूखच होता. औरंगाबादला कॉलेज होतं, तिथं आमच्या ओळखीचं कुणी नव्हतं, आणि वसतिगृह हा शब्द अण्णांसमोर काढायची सोय नव्हती. शेवटी नाव निघालं विनायकरावांचं. ते मूळचे मानवतचे. कापूस घेऊन अण्णा मानवतला जायचे तेव्हा त्यांच्याच वाड्यावर मुक्काम असायचा. एका ताटात जेवलेली माणसं. विनायकराव आता मुंबईला एका मोठ्या कचेरीत नोकरीला होते. त्यांनी कळवलं, पोरीला आमच्या घरी ठेवा, माझ्या मुलीसारखी राहील. अण्णा म्हणाले, "जाऊन बघू. माणूस तोच हाय का ते बघू. तोच असला तर ठिवू." माझं सगळं शिक्षण या एका वाक्यावर टांगलेलं होतं.

मायनं धपाटे बांधून दिले, तिळाची चटणी दिली, विनायकरावांच्या घरासाठी हुरड्याच्या वाळवलेल्या कण्यांची पुरचुंडी दिली. परभणीहून मनमाड, तिथं गाडी बदलून मुंबई. अण्णा डब्यातल्या प्रत्येकाशी बोलले. मनमाडपर्यंत त्यांनी एका म्हातारीच्या सुनेचं बाळंतपण, एका फौजदाराची बदली आणि एका जोडप्याचं भांडण अशी तीन प्रकरणं मार्गी लावली होती.

विनायकरावांनी दुपारी कचेरीतच यायला सांगितलं होतं. तिथून ते आम्हाला घरी नेणार होते. कचेरी पाचव्या मजल्यावर. आम्ही पोचलो तेव्हा ते साहेबांबरोबर कुठं बाहेर गेलेले, म्हणून पहारेकऱ्यानं आम्हाला खालच्या दालनात बाकावर बसवलं. समोरच लिफ्ट. लोखंडी जाळीचं सरकतं दार, आत लाकडी खोली, कोपऱ्यात स्टुलावर खाकी कपड्यातला लिफ्टवाला आणि त्याच्या हाताशी पितळी मूठ. दारावर अर्धगोल तबकडी, तिच्यावर काटा. खोली वर गेली की काटा सरकायचा. अण्णांनी धपाटे सोडले आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना "घ्या की" म्हणायला सुरुवात केली. कुणी घेईना. मला कुठं तोंड लपवू असं झालं होतं, म्हणून मी लिफ्टकडेच बघत राहिले.

आणि बघता बघता मला त्यातली गंमत कळायला लागली. रिकाम्या लिफ्टमध्ये पहिला माणूस शिरला की तो कुठंही उभा राहायचा, ऐसपैस. दुसरा आला की पहिला एका कोपऱ्याकडे सरकायचा आणि दुसरा त्याच्यापासून लांबात लांब कोपरा धरायचा. मग उरलेले कोपरे भरायचे. त्यानंतर येणाऱ्याला कोपरा नसे. तो मध्ये उभा राहायचा आणि अंग चोरायचा, छत्री छातीशी उभी धरायचा, कोपर आत घ्यायचा. शिरताना प्रत्येक जण आतल्यांवर एक ओझरती नजर टाकायचा, बस एकच, आणि लगेच ती खाली सोडून जागच्या जागी वळायचा, दाराकडे तोंड करून. कुणी त्याला वळ म्हणत नव्हतं. आतले सगळे जाळीकडे बघत असत, म्हणून तोही. दोन कारकून मोठ्यानं हसत आले, एक जण काहीतरी रंगवून सांगत होता. उंबऱ्यावर पाय पडला, आत तिसरा माणूस दिसला, आणि त्याची गोष्ट अर्ध्यावर तुटली. जाळी लागली, दोघं आपल्या बुटांकडे बघत वर गेले. पुढं थोड्या वेळानं असेच दुसरे दोघं खाली आले, जाळी उघडून बाहेर पाऊल टाकताच त्यांतला एक म्हणाला, "तर मग मी त्याला म्हटलं..." म्हणजे बोलणं वरच्या मजल्यावर मिटून ठेवलेलं होतं, ते खाली आल्यावर उघडलं. आणि लिफ्टवाल्याशी एकटाच माणूस असला, ओळखीचा असला, तर दोघं छान बोलायचे. तिसरा, परका, आत आला की बंद.

मला हे फार आवडलं, हे आज स्पष्ट सांगते. इतकी माणसं इतक्या जवळ आणि एकानंही दुसऱ्याला विचारलं नाही की तू कुणाची, लग्न झालं का, इथं कशाला आलीस. मला वाटलं, या शहरात मला राहता येईल.

तेवढ्यात विनायकराव आले. बरोबर त्यांचे साहेब, टोपीवाले, उंच. विनायकरावांनी आम्हाला पाहिलं, चेहरा फुलला, हात जोडून म्हणाले, "अण्णासाहेब, चला, चला वर." लिफ्ट उभीच होती. साहेब शिरले, विनायकराव शिरले, आणखी दोघं होते, मग अण्णा आणि मी. मी शिरले आणि वळले, जाळीकडे तोंड करून. अण्णा वळले नाहीत. बैठकीत शिरल्यावर माणूस जसा सगळ्यांकडे तोंड करतो तसे ते दाराला पाठ लावून सगळ्यांसमोर उभे राहिले आणि भरल्या आवाजात म्हणाले, "राम राम मंडळी." कुणी उत्तर दिलं नाही. लिफ्ट हलली. अण्णांनी साहेबांकडे बघितलं, अगदी हातभर अंतरावरून. "आपलं गाव कोणतं म्हणायचं?" साहेबांनी अण्णांच्या पागोट्यावरून पलीकडे जाळीतून सरकणाऱ्या मजल्याच्या आकड्यावर डोळे लावले. मग अण्णा विनायकरावांकडे वळले. मुद्दाम मायेनं त्यांच्या मुलीचं विचारलं, "आन् नलू कशी हाय? सासरून माघारी आली म्हणून ऐकलं. गेली का नांदायला, का हितंच हाय आजून?"

विनायकरावांचे कान लाल झाले. ते म्हणाले, "हं." एवढंच, आणि तेही आकड्याकडे बघत. अण्णांना वाटलं ऐकू गेलं नसेल, म्हणून त्यांनी तेच पुन्हा मोठ्यानं विचारलं. या वेळी विनायकरावांनी मान वळवली. त्यांची पाठ काही अण्णांकडे झाली नव्हती, खांदा झाला होता. पण अण्णांना तो खांदा पुरला. लिफ्टवाला हळूच म्हणाला, "काका, दरवाजाकडे तोंड करा." अण्णा वळले नाहीत. मात्र गप्प झाले, आणि माझे वडील गप्प झाले की घरात आजारपण आल्यासारखं मला धास्तावायला व्हायचं.

वर पोचल्यावर विनायकराव पूर्वीसारखे झाले. खुर्च्या मागवल्या, पाणी मागवलं. अण्णा उभेच. "निघतो आमी," ते म्हणाले. विनायकराव गडबडले. "अहो, आत्ता तर आलात. काय झालं?"

"तुमी आमच्याकडं तोंड फिरवलं, विनायकराव. पोरीची चौकशी केली तर बोलना गेलाव."

"लिफ्टमध्ये कुणी बोलत नाही, अण्णासाहेब."

"कामून?"

"तशी पद्धतच आहे," विनायकराव म्हणाले. माझं डोकं फिरलं. हा माणूस रोज दोनदा त्या खोलीत चढत-उतरत होता आणि आपण तिथं का वळतो, का गप्प होतो, याचं त्याला एक वाक्य सांगता येईना. माझ्या ओठावर सगळं आलं होतं. पण मोठी माणसं बोलत असताना मी कशी बोलणार? अण्णांनी पाण्याला हात लावला नाही. आमच्याकडे पाणी नाकारलं की त्यापुढं बोलायचं काही उरत नाही. ते जिन्याकडे निघाले, मी मागं.

जिन्यात मात्र मी बोलले. आयुष्यात पहिल्यांदा वडिलांना अडवून बोलले. म्हटलं, "अण्णा, त्यांनी पाठ नाही केली. आपल्या घरच्या बोळात तुम्ही काय करता?" ते थांबले. आमच्या घरात माजघरातून परसात जायला एक अरुंद बोळ होता, एका वेळी एक माणूस जाईल असा. काकू घागर घेऊन आली आणि समोरून अण्णा आले, तर थोरल्या दिरासमोर काकू पदर ओढून भिंतीकडे तोंड करायची, आणि अण्णाही खाकरून दुसऱ्या भिंतीकडे. दोघं अंग चोरून निघून जात. ना बोलणं, ना बघणं. मी विचारलं, "ते वैर असतं का?"

"खुळी का काय तू? ती तर अदब हाय."

"मग ही पण तीच आहे. आपल्याजवळ हातभर अंतरावर कोण येतं? लेकरू येतं, नाहीतर नाडी बघणारा वैद्य, नाहीतर अंगावर धावून आलेला. त्या खोलीत परका माणूस तेवढा जवळ येतो, आणि मागं सरकायला जागा नसते. पाय मागं घेता येत नाहीत, म्हणून माणसं डोळे मागं घेतात. आधी एकदा बघतात, म्हणजे तू आहेस हे मला कळलं. मग नजर काढतात, म्हणजे माझं तुझ्याकडे काही मागणं नाही. निम्मे इकडे तोंड करून आणि निम्मे तिकडे उभे राहिले, तर कुणाचं तरी तोंड कुणाच्या तरी तोंडासमोर येणारच. सगळे एकाच बाजूला वळले की कुणाचीच नजर कुणाला लागत नाही. आणि दाराकडेच का, तर उतरायचं तिकडूनच असतं, आपला मजला तिकडूनच दिसतो, आणि तिकडे बघण्यात कुणाचा अपमान होत नाही."

अण्णा पायरीवर टेकले. म्हणाले, "मोटारीत तर लोक बोलत्यात. जिंतूरच्या मोटारीत तर मांडीला मांडी लागती."

"तिथं बसायला मिळतं, खिडकी असते, घंटाभर वेळ असतो. आणि मोटारीचा आवाज असतो. तुमचं बोलणं पुढच्याला ऐकू जात नाही. इथं चार दमांत मजला येतो, बोलणं मध्येच तुटतं, आणि कापसाच्या गंजीसारखं सगळं शांत. एकानं विचारलं की सगळ्यांना ऐकावंच लागतं. तुम्ही नलूताईचं विचारलं ते मायेनं. पण त्यांनी उत्तर दिलं असतं तर ते साहेबांनी ऐकलं असतं, आणि त्या दोन परक्यांनीपण. त्यांनी पोरीची इज्जत झाकली, अण्णा."

अण्णांनी पागोटं सारखं केलं. मग उठले. "लय बारीक बघतीस तू," म्हणाले. "चल. माझंच चुकलं."

आम्ही खाली उतरलो आणि पुन्हा लिफ्टमध्ये शिरलो. आत तिघं होते. अण्णांनी एकदा सगळ्यांकडे बघितलं, नजर खाली घेतली, जागच्या जागी वळले आणि पागोटं सांभाळत दाराकडे तोंड करून उभे राहिले. एक अक्षर बोलले नाहीत. लिफ्टवाल्यानं त्यांच्याकडे कौतुकानं पाहिलं. मला वाटलं, जमलं. मला आता कुठल्या खोलीत पुस्तकं ठेवायची हेसुद्धा मी ठरवायला लागले होते.

वर जाऊन अण्णांनी विनायकरावांचे दोन्ही हात धरले. "मेहेरबानी करा, मला माफ करा. पोरीनं समजावलं तवा कळलं. तुमी अदब केली, आन् मी अडाण्यावानी रुसलो." पाणी प्याले, चहा प्याले, कण्यांची पुरचुंडी दिली. विनायकरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग अण्णा म्हणाले, "आता पोरीला घिऊन जातो."

मला वाटलं, घर बघायला.

"पोरीनं सांगितलं ते समदं पटलं," अण्णा म्हणाले. "पटलं म्हणूनच न्हेतो. हातभर लांब उभा असलेला माणूस बघत न्हाई, बोलत न्हाई, आन् त्यात त्याची काई चूक न्हाई. उद्या ही भर रस्त्यात रडायली, हिला घेरी आली, तर लोक काय करत्याल? अदबीनं तोंड फिरवत्याल. तुमचं घर हाय, मान्य हाय. पण दिवसभर ही घराबाहेर."

विनायकराव चहाचे कप उचलायला लागले. मला यावर उत्तर सुचत होतं. घेरी आली की लिफ्टमधलेसुद्धा धावतात. न बघणं हे सगळं ठीक असतानाचं असतं. हे सांगायचं होतं, आणि तेच सांगायला हवं होतं. पण मी इतकी चिडले होते की तोंडातून दुसरंच निघालं. "अण्णा, मला न विचारणारीच माणसं पाहिजेत."

अण्णा विनायकरावांकडे वळले. "बघा," ते अगदी शांतपणे म्हणाले. "येका दिसात येवढं झालं."

परतीच्या गाडीत मी खिडकीकडे तोंड करून बसले. अण्णा सगळ्या डब्याशी बोलत होते. कुणीतरी त्यांना सांगितलं, पोरगी दमलेली दिसते. ते म्हणाले, "व्हय, लय डोकं चालवलं तिनं."

आता माझ्या मुलाच्या इमारतीत लिफ्ट आहे. शेजारची एक मुलगी कानात तारा घालून शिरते, एकदा माझ्याकडे बघते आणि दाराकडे वळते. माझ्या वयाच्या बायका तिला शिष्ट म्हणतात. मी त्यांना समजावायला जात नाही. समजावून काय होतं ते मी बघितलेलं आहे.

तेव्हा मुंबईहून बोरीला आल्यावर पुढं महिनाभर अण्णांच्या ओट्यावर तोच विषय. संध्याकाळी माणसं जमायची आणि अण्णा उभं राहून लिफ्ट दाखवायचे: हा कोपरा, तो कोपरा, मधला माणूस अंग कसं चोरतो, नजर कशी काढून घ्यायची. सगळं माझं, शब्दन् शब्द. पाय मागं घेता येत नाहीत म्हणून डोळे मागं घेतात, हे वाक्य तर ते दोनदा म्हणायचे, आणि दर वेळी सांगायचे, "हे आमच्या पोरीनं बाकावर बसून वळखलं." लोक माना डोलवायचे. मी आत चुलीपुढं असायचे. एका संध्याकाळी ओट्यावरून कुणीतरी म्हणालं, "अण्णा, असलं डोकं हाय तर पोरीला शिकवाय पायजे व्हतं."

"व्हय की," अण्णा म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात नुसता अभिमान होता.

तव्यावरची भाकरी मी उलटली नाही. ती खालून काळी होईपर्यंत तशीच बघत बसले. मायनं येऊन ती काढली, माझ्याकडे एकदा बघितलं, आणि काही न विचारता दुसरी थापायला घेतली.